अठरा पेन्सांचा रुपया आणि नगरचा बाजार

प्रस्तावना

१९२७ साली सरकारने कायदा करून रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्स, म्हणजे अठरा पेन्स, असा ठरवून टाकला. पुढच्या वीस वर्षांत जागतिक मंदी आली, इंग्लंडने सुवर्णमान सोडला, रिझर्व्ह बँक स्थापन झाली, दुसरे महायुद्ध होऊन गेले आणि देश स्वतंत्र झाला. हा आकडा मात्र जागचा हलला नाही. लंडनमध्ये १९२७ साली रुपयाला जेवढे पेन्स मिळत, तेवढेच १९४७ सालीही मिळत होते.

याच वीस वर्षांत नगरच्या बाजारात रुपयाची किंमत दोनदा उलटीपालटी झाली. तिशीच्या सुरुवातीला रुपया एवढा दुर्मिळ झाला, की तेवढाच शेतसारा भरायला शेतकऱ्याला जवळपास दुप्पट माल विकावा लागे. चाळिशीत तोच रुपया एवढा मुबलक झाला, की हातात नोटा असूनही ज्वारी परवडेना. एकदा चलन आटले, एकदा चलनाचा पूर आला, आणि दोन्ही वेळा विनिमयदर तोच होता. या पुस्तकाचा विषय या दोन घटनांमधून जितका स्पष्ट होतो, तितका कोणत्याही व्याख्येतून होत नाही. म्हणून प्रस्तावनेत मी त्यांच्यावरच थांबणार आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. देशाने आपल्या चलनाची बाहेरची किंमत बांधून टाकली, की आतली किंमत सांभाळण्याची साधने त्याच्या हातातून जातात. चलन किती असावे आणि व्याजाचा दर काय असावा, हे मग देशातल्या पाऊसपाण्यावर आणि पिकावर ठरत नाही, ते बाहेर ठरते. त्याचा हिशेब मात्र पारनेरच्या, राहुरीच्या आणि श्रीगोंद्याच्या माणसाला चुकता करावा लागतो.

आधी यंत्रणा समजून घेऊ. नुसता दर जाहीर करून तो टिकत नाही. त्या दराने हवे तितके परकीय चलन विकत घ्यायला आणि हवे तितके विकायला कोणीतरी कायम तयार राहावे लागते. १९३४च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या ४०व्या आणि ४१व्या कलमांनी ही जबाबदारी बँकेवर टाकली होती. कोणी रुपये घेऊन आला आणि त्याने पौंड मागितले, तर रुपयाला १ शिलिंग ५ ४९/६४ पेन्सांपेक्षा कमी भाव न धरता ते त्याला द्यायचे. कोणी पौंड घेऊन आला आणि त्याने रुपये मागितले, तर १ शिलिंग ६ ३/१६ पेन्सांपेक्षा जास्त भाव न लावता तेही द्यायचे. या दोन कडांच्या मध्ये अर्ध्या पेन्साचेही अंतर नव्हते. रुपयाने हलायचे ते तेवढ्यातच.

आता या व्यवहाराची दुसरी बाजू पाहा. बँक पौंड विकते तेव्हा ती रुपये घेते, आणि घेतलेले रुपये चलनातून बाद होतात. बँक पौंड विकत घेते तेव्हा त्यांच्या बदल्यात नव्या नोटा बाजारात येतात. म्हणजे परकीय चलनाचा प्रत्येक सौदा हा देशांतर्गत चलनाचाही सौदा असतो. त्यातही किती पौंड घ्यायचे आणि किती विकायचे, हे बँक ठरवत नाही, दारात आलेले गिऱ्हाईक ठरवते. दर बांधला, की चलनाचे प्रमाण मोकळे सोडावे लागते. प्रमाण हातात ठेवायचे, तर दर मोकळा सोडावा लागतो. दोन्ही दोऱ्या एकाच हातात धरता येत नाहीत.

अठरा पेन्स हा आकडा आला कुठून, हेही थोडे पाहायला हवे. १८९३ साली सरकारने खासगी चांदी पाडून देण्यासाठी टांकसाळी बंद केल्या आणि रुपयाची चांदीच्या भावाशी असलेली गाठ सोडली. काही वर्षांतच रुपया सोळा पेन्सांवर स्थिरावला. सोळा पेन्सांचा रुपया म्हणजे पंधरा रुपयांचा पौंड. पहिल्या महायुद्धात चांदी कडाडली, रुपया वर गेला, आणि १९२० साली सरकारने तो दोन शिलिंगांवर टिकवण्याचा घाट घातला. बाजारभाव खाली येत असताना सरकार महागड्या रुपयाच्या हिशेबाने स्वस्तात पौंड विकत बसले. व्यापाऱ्यांनी आणि सट्टेवाल्यांनी ते उचलले. सुमारे साडेपाच कोटी पौंड विकून झाल्यावर सप्टेंबर १९२०मध्ये सरकारने हात टेकले. दर फार वर बांधला तर त्याचे आयुष्य गंगाजळीएवढेच असते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

त्यानंतर हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही आयोगाने १९२६ साली अठरा पेन्सांची शिफारस केली. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्न मत नोंदवून सोळा पेन्सांचा आग्रह धरला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी चळवळ केली, पण कायदेमंडळात थोड्याच मतांच्या फरकाने अठरा पेन्स मंजूर झाले.

या आयोगापुढे साक्ष द्यायला एक तरुण बॅरिस्टर आले होते. त्यांचे नाव डॉ. भीमराव आंबेडकर. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला होता. सोळा की अठरा या भांडणात सगळे गुंतलेले असताना त्यांनी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न विचारला. रुपया कशाच्या संदर्भात स्थिर असायला हवा, पौंडाच्या की बाजारातल्या मालाच्या? विनिमयदर स्थिर ठेवला म्हणजे रुपयाची क्रयशक्तीही स्थिर राहते, हे गृहीतच त्यांना मान्य नव्हते. रुपये पाडण्याची सरकारची मोकळीक काढून घ्यावी, चलनाच्या प्रमाणाला पक्की मर्यादा घालावी आणि सोने चलनात आणावे, असा त्यांचा उपाय होता. तो उपाय आज कोणी जसाच्या तसा सुचवणार नाही. प्रश्न मात्र त्यांनी अचूक मांडला होता, आणि पुढच्या वीस वर्षांनी तो खरा ठरवला.

सोळा आणि अठरा यांतला फरक नगरच्या शेतकऱ्यापर्यंत कसा पोचत होता? लंडनमध्ये एक पौंडाला विकला जाणारा माल घेऊ. सोळा पेन्सांच्या दराने त्याचे पंधरा रुपये येत. अठरा पेन्सांच्या दराने तेरा रुपये पाच आणे चार पै. एक रुपया दहा आणे आठ पै, म्हणजे नववा हिस्सा गेला. मुंबईचा निर्यातदार हा तोटा स्वतः सोसत नसे. तो तेवढा भाव कमी देई, त्याच्यामागचा अडत्या तेवढा कापून घेई, आणि शेवटी कापसाच्या किंवा गळिताच्या धान्याच्या मालकाच्या हाती त्या मानाने कमी रुपये पडत. शेतसारा मात्र तीस वर्षांच्या जमाबंदीने रुपयांत ठरलेला होता. सावकाराचे मुद्दल रुपयांत होते, व्याजही रुपयांत.

रुपयांत ठरलेल्या कर्जाचा बोजा किती जड होऊ शकतो, हे या जिल्ह्याने त्याआधीही पाहिले होते. १८७५च्या दंग्यांत पारनेर, श्रीगोंदे, कर्जत आणि नगर या तालुक्यांतल्या शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या कर्जखतांवर होता. मालाचा भाव उतरला आणि खतावरचा आकडा तसाच राहिला, की कर्ज न वाढताही वाढते. तिशीत नेमके हेच झाले, आणि फार मोठ्या प्रमाणावर झाले.

सरकारला अठरा पेन्स का हवे होते, हेही उघड आहे. पेन्शनी, कर्जावरचे व्याज, इंडिया ऑफिसचा खर्च असा मोठा भरणा दरवर्षी लंडनला पौंडांत करावा लागे. एक कोटी पौंड पाठवायला सोळा पेन्सांच्या दराने पंधरा कोटी रुपये लागत, अठराच्या दराने तेरा कोटी तेहतीस लाख. आयात यंत्रसामग्री आणि कापडही स्वस्त पडे. म्हणजे या दराचे लाभधारक होते. पण दर ठरवणारे आणि त्याची किंमत मोजणारे लोक वेगळे होते.

१९२९च्या अखेरीस जगभर शेतमालाचे भाव कोसळू लागले. कलकत्त्याचा घाऊक भावांचा निर्देशांक १९१४ साली १०० धरला, तर १९२९ साली तो १४१ होता आणि १९३३ साली ८७वर आला. शेतमालाचे भाव तर याहूनही जास्त घसरले. निर्यातीचे मूल्य घटल्याने देशात येणारे पौंड आटले, लंडनचा भरणा मात्र चालूच होता. रुपया खालच्या कडेला जाऊन टेकला.

अशा वेळी दर मोकळा असता तर रुपया उतरला असता, निर्यातदाराला प्रत्येक पौंडामागे जास्त रुपये मिळाले असते आणि जगातल्या मंदीचा थोडा तरी भार त्या उताराने उचलला असता. दर बांधलेला असल्यामुळे उलटे करावे लागले. सरकारने चलन आखडले. मुंबईच्या बाजारात चढ्या व्याजाने सरकारी हुंड्या विकून रुपये ओढून घेतले. तेव्हा बँकदर इम्पीरियल बँक ठरवत असे. तो चढत चढत सप्टेंबर १९३१मध्ये ८ टक्क्यांवर गेला. लंडनपेक्षा मुंबईत जास्त व्याज मिळाले तरच पैसा मुंबईत राहील, हा त्यामागचा हिशेब होता.

हा बँकदर नगरपर्यंत कसा पोचे? मुंबईचा सराफ आपल्याकडच्या हुंड्या इम्पीरियल बँकेत वटवून रोकड मिळवी. बँकेने दर वाढवला की सराफ आपला दर वाढवी. नगरचा अडत्या आणि कापडवाला सराफाच्या पैशावर धंदा करत. त्यांना पैसा महाग झाला की ते माल कमी उचलत आणि उधारी आवळत. तालुक्याचा सावकार त्यांच्याकडून पैसा आणी. त्याला तो मिळेनासा झाला की तो नवे कर्ज देणे थांबवी आणि जुन्याचा तगादा लावी. शेतमालाचे भाव पडत असताना, म्हणजे पैसा स्वस्त आणि सैल हवा होता नेमक्या तेव्हा, तो महाग आणि दुर्मिळ करण्यात आला. रुपयाचे लंडनमधले अठरा पेन्स राखण्यासाठी हे केले गेले. मौद्रिक स्वातंत्र्य गमावणे याचा प्रत्यक्षातला अर्थ असा असतो.

२१ सप्टेंबर १९३१ला इंग्लंडनेच सुवर्णमान सोडला. पौंड सोन्यापासून सुटला, तेव्हा रुपयालाही पौंडापासून सुटण्याची वाट होती. त्याच दिवशी सिमल्याच्या सरकारने वटहुकूम काढून सोने किंवा स्टर्लिंग विकण्याचे आपले बंधन स्थगित केले. पण लंडनहून भारतमंत्री सॅम्युअल होर यांनी जाहीर केले, की रुपया स्टर्लिंगला अठरा पेन्सांनी जोडलेलाच राहील. व्हाइसरॉय विलिंग्डन आणि त्यांच्या कौन्सिलचे मत याविरुद्ध होते, पण लंडनचेच म्हणणे चालले आणि तीनच दिवसांत दुसरा वटहुकूम काढावा लागला. परकीय सरकारचे इथले प्रतिनिधीसुद्धा इथल्या चलनाबद्दल निर्णय घेऊ शकत नव्हते, एवढी ही गाठ घट्ट होती.

पौंड सोन्याच्या तुलनेत उतरला तसा त्याला बांधलेला रुपयाही उतरला, आणि सोन्याचा रुपयांतला भाव चढला. खेड्यापाड्यांतले सोने बाहेर पडू लागले. कर्ज आणि सारा भागवण्यासाठी दागिने मोडले गेले आणि मुंबईहून बोटींनी लंडनला निघाले. १९३१पासून महायुद्धाच्या तोंडापर्यंत तीनशे कोटी रुपयांहून जास्त किमतीचे सोने देशाबाहेर गेले. अठरा पेन्सांचा दर त्यानंतर टिकला तो मुख्यतः या सोन्यावर. बँकदरही मग उतरला. म्हणजे रुपयाच्या बचावासाठी लागणारी गंगाजळी सरकारी तिजोरीतून कमी आणि घराघरांतून जास्त आली.

इथे एक मर्यादा सांगायलाच हवी. मंदी जगाची होती. सोळा पेन्सांचा रुपया असता तरी ज्वारीचे, कापसाचे आणि गुळाचे भाव पडलेच असते. अठरा पेन्सांनी मंदी आणली असे म्हणणे चूक आहे. त्यांनी तिच्यावरचा एक उपाय काढून घेतला आणि तिच्यावर चलनटंचाईची भर घातली, एवढेच म्हणता येते, आणि तेवढे पुरेसे गंभीर आहे.

एक वाट बंद झाली की सरकारे दुसरी उघडतात. नगर जिल्ह्याच्या नकाशावर तिची खूण आजही दिसते. भंडारदऱ्याचे धरण १९२६मध्ये पुरे झाले होते, प्रवरेच्या कालव्यांवर उसाचे क्षेत्र वाढत होते, आणि त्याच वेळी जावाची साखर स्वस्तात येऊन पडत होती. रुपया उतरवला असता तर ती आपोआप महाग झाली असती. दर तर हलवायचा नव्हता. मग १९३२च्या साखर संरक्षण कायद्याने आयात साखरेवर भारी जकात बसली. हरेगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना आधीपासून होता. या संरक्षणानंतर टिळकनगर आणि कोपरगावच्या बाजूला खासगी कारखाने उभे राहिले. विनिमयदराने जे सर्व मालाला सारखे दिले असते, ते जकातीने एकाच मालाला दिले. उसाला छत्र मिळाले, कोरडवाहू ज्वारी-बाजरीला मिळाले नाही. जिल्ह्यातल्या बागायत आणि जिरायत यांच्यातल्या दरीची कारणे अनेक आहेत, पण त्या यादीत हेही धरले पाहिजे.

१ एप्रिल १९३५ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. तिला नोटा काढण्याचा अधिकार मिळाला, बँकदर ठरवण्याचा अधिकार मिळाला, आणि सोबत अठरा पेन्सांचे बंधनही मिळाले. जगातली चलनव्यवस्था विस्कळीत असल्याने ही तरतूद तात्पुरती आहे, असे कायद्याच्या प्रास्ताविकातच लिहिले होते. पहिले गव्हर्नर सर ऑस्बोर्न स्मिथ यांना कमी व्याजदर आणि कमी विनिमयदर हवा होता. अर्थसदस्य जेम्स ग्रिग यांच्याशी त्यांचा याच मुद्द्यांवर खटका उडाला, आणि मुदत संपण्याआधीच, १९३७ साली, स्मिथ गेले. दर बांधलेला असेल तर गव्हर्नरच्या मताला किती जागा उरते, हे पहिल्याच गव्हर्नरच्या बाबतीत दिसून आले.

युद्ध सुरू झाल्यावर पारडे फिरले. आता पौंड बाहेर जात नव्हते, आत येत होते. नोव्हेंबर १९३९च्या करारानुसार भारताच्या स्वतःच्या संरक्षणाचा खर्च भारताने करायचा आणि बाकीचा इंग्लंडने द्यायचा असे ठरले. इंग्लंडने आपला वाटा दिला, पण लंडनमधल्या खात्यात पौंड जमा करून. कापड, धान्य, तंबू, बूट, सैन्याचा पगार, धावपट्ट्या, या सगळ्यांचे पैसे भारतात रुपयांत चुकते करावे लागत. नगरसारख्या जुन्या छावणीच्या गावात ते रुपये थेट बाजारात उतरत. हे रुपये कुठून आले? लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावे स्टर्लिंग रोखे जमा झाले, आणि त्यांच्या तारणावर बँकेने मुंबईत नोटा काढल्या.

कायद्यात याला आडकाठी नव्हती. नोटांमागच्या मालमत्तेपैकी किमान दोनपंचमांश सोने आणि स्टर्लिंग रोखे असावेत, एवढीच अट होती. स्टर्लिंग जास्तीत जास्त किती असावे याला मर्यादाच नव्हती. उलट आलेले स्टर्लिंग ठरल्या दराने घेणे हे बँकेचे कर्तव्य होते. युद्धाच्या सुरुवातीला चलनात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा होत्या. १९४५च्या अखेरीस त्या १,२०० कोटींच्या वर गेल्या. ऑगस्ट १९३९ला १०० असलेला घाऊक निर्देशांक १९४४-४५मध्ये २४०च्या पुढे होता. आणि बँकदर? तो नोव्हेंबर १९३५मध्ये ३ टक्के झाला होता, तो नोव्हेंबर १९५१पर्यंत ३ टक्केच राहिला. एवढा मोठा चलनफुगवटा डोळ्यांसमोर होत असताना मध्यवर्ती बँकेचे मुख्य हत्यार सोळा वर्षे म्यानात होते.

पुण्याच्या गोखले संस्थेतले धनंजयराव गाडगीळ आणि नी. वि. सोवनी यांनी १९४३ साली युद्धकालीन अर्थनीतीवर पुस्तक लिहून या धोरणाची चिकित्सा केली. हेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर लोणीला प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत उतरले आणि त्याचे अध्यक्ष झाले.

या फुगवट्याचा भार सगळ्यांवर सारखा पडला नाही. ज्याच्याकडे विकायला गूळ किंवा शिल्लक धान्य होते, त्याचे जुने कर्ज स्वस्त रुपयांत फिटले. ज्याला ज्वारी विकत घ्यावी लागे त्या मजुराची आणि अल्पभूधारकाची मजुरी भावांच्या मागेच राहिली. तिशीत कर्जदार मारला गेला, चाळिशीत रोजंदार. विनिमयदराच्या स्थिरतेची किंमत दोन्ही वेळा अशा माणसांनी मोजली, ज्यांनी पौंड कधी पाहिलाही नव्हता.

जुलै १९४४मध्ये अमेरिकेत ब्रेटन वूड्स येथे युद्धोत्तर चलनव्यवस्था ठरवण्यासाठी चव्वेचाळीस देश जमले. भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. महाडजवळच्या नात्याचे देशमुख ऑगस्ट १९४३मध्ये गव्हर्नर झाले होते. शिष्टमंडळाने लंडनमध्ये अडकलेल्या या स्टर्लिंगचा प्रश्न मांडला. त्याचा काही भाग तरी इतर चलनांत बदलून मिळावा, अशी मागणी शिष्टमंडळातल्या ए. डी. श्रॉफ यांनी केली. हा भारत आणि इंग्लंड यांच्यातला आपसातला प्रश्न आहे, असे सांगून इंग्लंडने तो तिथे सुटू दिला नाही. १९४६पर्यंत हे येणे १,७०० कोटी रुपयांच्या वर गेले. आज आपण मोठी गंगाजळी म्हणजे सामर्थ्य असे मानतो. पण हे स्टर्लिंग म्हणजे भारतातल्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेले, आणि ज्याची वसुली आपल्या हाती नाही असे कर्ज होते.

इथे एक शंका रास्त आहे. बँकेने स्टर्लिंग घेऊन रुपये काढले, तर तेच रुपये दुसऱ्या हाताने शोषून का घेतले नाहीत? आजच्या भाषेत याला निर्जंतुकीकरण म्हणतात: परकीय चलन घ्यायचे, आणि तेवढ्याच किमतीचे सरकारी रोखे विकून बाहेर आलेले रुपये परत ओढायचे. युद्धकाळात सरकारने कर्जरोखे विकले, अल्पबचतीचा आग्रह धरला, सोनेसुद्धा विकले. पण येणारा लोंढा फार मोठा होता आणि ३ टक्क्यांच्या आसपासच्या व्याजाने लोक मर्यादेपलीकडे रोखे घेईनात. व्याज वाढवले तर युद्धाचे कर्ज महाग होणार. निर्जंतुकीकरणाची मर्यादा नेहमी इथेच येते. थोडा काळ आणि थोड्या रकमेपुरते ते जमते, त्यानंतर त्याच्या व्याजाचा बोजा वाढत जातो. २००४ साली डॉलरांचा ओघ वाढला तेव्हा रिझर्व्ह बँकेने आणि सरकारने बाजार स्थिरीकरण योजना आणली. तिच्यातल्या रोख्यांचे व्याज सरकारी अंदाजपत्रकातून जात होते.

अर्थशास्त्रात हा सगळा अनुभव एका नियमात बांधला आहे. स्थिर विनिमयदर, भांडवलाची मुक्त ये-जा आणि स्वतःचा व्याजदर या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. तिशीत लंडन आणि मुंबई यांच्यामध्ये पैसा मोकळा होता आणि दर बांधलेला होता, म्हणून व्याजदर गेला. युद्धकाळात परकीय चलनावर नियंत्रणे होती. तरीही स्वातंत्र्य मिळाले नाही, कारण पैसा आणणारे सरकारच होते, आणि त्या प्रवाहाला कोणतेही नियंत्रण लागू नव्हते. नियमापेक्षा इतिहास इथे जास्त शिकवतो. कुलूप लावले तरी किल्ली कोणाकडे आहे हे पाहावे लागते.

त्यानंतरचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. १९४९ साली पौंडाबरोबर रुपयाचे अवमूल्यन झाले, म्हणजे डॉलरच्या तुलनेत तो उतरला तरी पौंडाशी अठरा पेन्सांचे नाते तसेच राहिले. ते ६ जून १९६६ला तुटले. १९७५पासून रुपया अनेक चलनांच्या समूहाला जोडला गेला, जुलै १९९१मध्ये दोन टप्प्यांत उतरवला गेला आणि मार्च १९९३पासून त्याचा दर बाजारात ठरू लागला. आज कोणताही आकडा कायद्याने बांधलेला नाही, पण रिझर्व्ह बँक बाजारात उतरते आणि चढउतार सौम्य करते. जिथे गाठ अजून आहे तिथे जुना नियमही आहे. नेपाळी रुपया १९९३पासून भारतीय रुपयाला १.६०ने बांधलेला आहे. संयुक्त अरब अमिरातीचा दिरहॅम डॉलरला ३.६७२५ने बांधलेला असल्यामुळे दुबईतल्या मराठी कुटुंबाच्या घरकर्जाचे व्याज अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हच्या पावलावर पाऊल टाकून चालते, मग तिथल्या बाजाराची स्थिती काहीही असो.

आपली बँक दर किती घट्ट धरून बसली आहे, हे ओळखायचे कसे? तीन गोष्टी एकत्र पाहाव्यात. गंगाजळी सतत एकाच दिशेने हलते आहे का? तिच्याबरोबर बँकांमधली रोकडही त्याच दिशेने हलते आहे का? आणि व्याजदर देशातल्या महागाईची गरज भागवतो आहे, की बाहेरच्या व्याजदराचा पाठलाग करतो आहे? १९३१ साली गंगाजळी घटत होती, चलन आटत होते आणि भाव पडत असताना व्याज वाढत होते. १९४३ साली गंगाजळी वाढत होती, चलन फुगत होते आणि भाव चढत असताना व्याज जागचे हलत नव्हते. २०२१च्या सप्टेंबरात ६४० अब्ज डॉलरांच्या वर असलेली आपली गंगाजळी २०२२च्या ऑक्टोबरात ५२५ अब्जांच्या आसपास आली. त्यातली काही घट इतर चलने डॉलरपुढे उतरल्याने दिसलेली होती, काही डॉलर विकल्याने. पण त्या काळात रुपयालाही उतरू दिले गेले, आणि इथेच आजची व्यवस्था अठरा पेन्सांच्या व्यवस्थेहून वेगळी ठरते. रिझर्व्ह बँकेची साप्ताहिक सांख्यिकी पुरवणी दर शुक्रवारी प्रसिद्ध होते, आणि यातले बरेचसे आकडे तिच्यात कोणालाही पाहता येतात.

हे पुस्तक अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांइतकेच पतसंस्था चालवणाऱ्यांसाठी, साखर कारखान्याच्या सभासदांसाठी आणि कांद्याच्या निर्यातीकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्यांसाठी आहे. रुपया घसरला की अपमान आणि स्थिर राहिला की अभिमान, अशी एक समजूत आपल्याकडे रुजली आहे. तिला माझा स्पष्ट विरोध आहे. १९३१ साली रुपया अतिशय स्थिर होता. त्या स्थैर्यासाठी घराघरांतले सोने मोडले गेले. १९४३ सालीही तो तितकाच स्थिर होता, आणि ज्वारी मजुराच्या आवाक्याबाहेर गेली होती.

दर बांधणे नेहमीच चूक असते असेही मी म्हणत नाही. ज्या देशाच्या स्वतःच्या नोटांवर त्याच्याच लोकांचा विश्वास उरलेला नाही, त्याला दुसऱ्याच्या शिस्तीचा आधार घ्यावा लागतो. लहान देशाचा सगळा व्यापार एकाच शेजाऱ्याशी असेल तर स्थिर दराची सोय खरी असते. पण जगात काही बिघडले, की त्याचा धक्का कुठे तरी बसणारच. विनिमयदराने तो घ्यायचा नाही असे ठरवले, तर तो भावांनी, मजुरीने, व्याजाने आणि कर्जाने घ्यावा लागतो. पुढची प्रकरणे वाचताना, आणि स्थिर रुपयाचे आश्वासन कोणीही दिले तेव्हा, वाचकाने एवढेच विचारावे: धक्का बसेल तेव्हा तो कोणावर ढकलला जाणार आहे, आणि हा निर्णय घेताना त्या माणसाला कोणी विचारले होते का?